पहिल्या खर्ड्याला कोणता अभिप्राय हवा? एका छापखान्याच्या कादंबरीवरून

अठराव्या प्रकरणातल्या एका संवादाशेजारी समासात चार वाचकांनी चार शेरे मारले होते. एकाने लिहिलं होतं, ‘कृत्रिम वाटतं’. दुसऱ्याने, ‘संवाद छोटे करा’. तिसरीने दोन वाक्यं खोडून आपली दोन लिहून दिली होती. चौथ्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. लेखिकेने तो संवाद तीनदा नव्याने लिहिला. प्रत्येक वेळी भाषा सुधारली, पण संवाद तसाच राहिला. मग तिने पूर्ण हस्तलिखित माझ्याकडे पाठवलं. त्या संवादात काहीच बिघडलेलं नव्हतं, बिघाड तिसऱ्या प्रकरणात होता. तो कसा सापडला ते इथे सविस्तर सांगतो. पहिल्या खर्ड्यावर कोणता अभिप्राय मागायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, ते या उदाहरणातून नीट कळतं. तपशील लेखिकेला विचारूनच थोडे बदलले आहेत.

कादंबरी अशी: वडील गेल्यावर मुलगी त्यांचा बंद पडलेला छापखाना विकायला येते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे एक कामगार शॉक लागून गेलेला असतो. वडिलांनी वायरिंगची दुरुस्ती टाळली म्हणून तो गेला का, हा कादंबरीचा कणा. प्रकरणं ३०, शब्द ७६,०००.

रचनेची तक्रार आणि वाक्याची तक्रार

या दोन्ही तक्रारी दिसायला बऱ्याचदा सारख्याच असतात, कारण वाचकाला जे खटकतं ते कुठल्या तरी वाक्यावरच खटकतं. त्याच्यासमोर त्या क्षणी वाक्यच असतं, त्यामुळे शेराही तिथेच पडतो. म्हणून शेरा कुठे आहे यावरून तक्रार कसली आहे हे ठरवता येत नाही.

मी एकच प्रश्न विचारतो. हा परिच्छेद उत्तम लिहून काढला आणि बाकीच्या एकाही पानाला हात लावला नाही, तर तक्रार मिटेल का? मिटत असेल तर ती भाषेची तक्रार. मिटत नसेल, दुसरीकडे काहीतरी आणावं, काढावं किंवा हलवावं लागत असेल, तर ती रचनेची.

अठराव्या प्रकरणातला संवाद असा होता. मुलगी छापखान्यातल्या जुन्या मशीनमनशी बोलते आहे.

‘काका, तुम्हाला तर माहीतच आहे, त्या पावसाळ्यात वायरिंग बदलायचं ठरलं होतं आणि बाबांनी पैसे नाहीत म्हणून पुढे ढकललं.’

‘हो ना. आणि तू तेव्हा बारावीला होतीस. त्याच आठवड्यात तो गेला.’

दोघांनाही जे ठाऊक आहे तेच दोघं एकमेकांना सांगताहेत. खरं तर ते वाचकाला सांगताहेत. लेखिकेने हा संवाद आटोपशीर केला, ‘तुम्हाला तर माहीतच आहे’ काढलं, मध्ये चहा ठेवला, काकांना खोकला दिला. तरी दोन माणसं बोलताहेत असं वाटेना, कारण या भेटीत मुलीला काकांकडून काही हवंच नव्हतं आणि काकांना काही लपवायचं नव्हतं. इतकी महत्त्वाची माहिती वाचकाला तोवर कुठेच मिळाली नव्हती, म्हणून ती इथे ओतावी लागली. तिथली वाक्यं कितीही घासली तरी हे बदलणार नव्हतं.

पहिलं काम: खर्डा बाजूला आणि मग एका दमात वाचन

खर्डा पूर्ण झाल्यावर किमान तीन-चार आठवडे तो उघडू नये. त्यानंतर तो छापून घ्यावा, किंवा निदान फॉन्ट बदलून वाचावा, म्हणजे डोळा सवयीने पुढे घसरत नाही. ७६,००० शब्द वाचायला साधारण सहा-सात तास लागतात. ते दोन दिवसांत बसवावेत. पंधरा दिवसांत तुकड्यातुकड्यांनी वाचलं तर कथा कुठे मंदावली हे कळतच नाही, कारण प्रत्येक वेळी तुम्ही ताज्या डोक्याने बसलेले असता.

या वाचनात हातात लाल पेन नको. एक शब्दही दुरुस्त करायचा नाही. हे फार कठीण जातं, पण एकदा वेलांटी सुधारली की पुढची दहा पानं तुम्ही वेलांट्याच बघत राहता. जवळ वही ठेवा आणि तिच्यात फक्त पान क्रमांक आणि एक-दोन शब्द लिहा: ‘कंटाळा’, ‘हे आधी आलंय’, ‘ही इथे का गेली?’

दुसरं काम: उलटा आराखडा

लिहिण्याआधीचा आराखडा मनातल्या कादंबरीचा असतो. उलटा आराखडा कागदावर उतरलेल्या कादंबरीचा. माझ्या मते पहिल्या खर्ड्याला मिळणारा सगळ्यात उपयोगी अभिप्राय हाच, आणि तो देणारे तुम्ही स्वतः असता.

प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत चार गोष्टी: मुख्य पात्राला या प्रकरणात काय हवं आहे, त्यासाठी ते काय करतं, शेवटी काय बदललं, आणि शब्द किती. आठवणीतून लिहायचं नाही, प्रकरण समोर ठेवूनच लिहायचं. आठवणीतून लिहिलं की आपण मनात असलेलं लिहितो, पानावर असलेलं नाही.

लेखिकेने भरलेली बाराव्या प्रकरणाची ओळ अशी होती. हवं आहे: (रिकामं). करते: चुलतभावाकडे जेवायला जाते, तो वडिलांच्या तापटपणाची आठवण सांगतो. बदल: नाही. शब्द: ३,१००.

एक ओळ रिकामी निघाली तर बिघडत नाही. पण ९ ते १९ या अकरा प्रकरणांपैकी आठांत पहिला रकाना रिकामा निघाला. म्हणजे सुमारे २८,००० शब्दांच्या पट्ट्यात नायिका बहुतेक वेळ ऐकते आहे. कुणी ना कुणी येतं, आठवण सांगतं आणि जातं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. अपघाताचा पहिला उल्लेख अकराव्या प्रकरणात होता, म्हणजे एक तृतीयांश कादंबरी संपल्यावर. आणि विक्रीच्या करारावर ती सही करते बाविसाव्यात, तर सत्य कळतं सत्ताविसाव्यात. निर्णय आधी, कारण नंतर.

हे सगळं वाक्यं वाचून दिसत नाही. वाक्यं सुंदर असली तर उलट झाकलं जातं. ही लेखिका लिहिते छान, आणि म्हणूनच हे दोष चार वाचकांच्या नजरेतून निसटले. त्यांना अस्वस्थ वाटलं आणि त्यांनी तो अस्वस्थपणा हाताला लागेल त्या वाक्यावर लिहून ठेवला.

तिसरं काम: वाचक निवडणं आणि त्यांना नेमकं काय सांगायचं

एक माणूस तुमची कादंबरी पहिल्यांदा एकदाच वाचू शकतो. म्हणून सगळे वाचक पहिल्याच खर्ड्यावर खर्च करू नयेत. या खर्ड्याला तीन पुरेत, आणि दोन-तीन पुढच्या खर्ड्यासाठी राखून ठेवावेत. तिघांत एक तरी असा हवा की जो स्वतः लिहीत नाही पण कादंबऱ्या भरपूर वाचतो. लिहिणारे वाचक उपाय सुचवू लागतात, आणि तो उपाय बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या कादंबरीचा असतो.

‘कशी वाटली ते सांगा’ म्हणून हस्तलिखित हातात दिलं, तर उत्तर ‘छान’ येतं, नाहीतर शुद्धलेखनाच्या चुकांची यादी येते. यात वाचकाचा दोष नाही. काय बघायचं हे सांगितलं नाही की माणूस दिसायला सोपं असेल ते बघतो. आम्ही दुसऱ्या फेरीत वाचकांना दिलेली सूचना जवळजवळ शब्दशः देतो:

‘हा कच्चा खर्डा आहे. भाषा आणि शुद्धलेखन पुढे बदलणार आहे, त्यावर वेळ घालवू नका. वाचताना समासात फक्त तीन खुणा करा. लक्ष उडालं तिथे कं. समजलं नाही तिथे गों. पटलं नाही तिथे न. कारण लिहायची गरज नाही. वाचायचं थांबवून ठेवून दिलं तर ते पान लिहून ठेवा.’

शेवटची सूचना सगळ्यात मोलाची. वाचकाने पुस्तक खाली कुठे ठेवलं ही माहिती तो स्वतःहून कधीच देत नाही, कारण त्याला तो आपला आळस वाटतो. तीन जणांनी एकाच दहा पानांच्या आत पुस्तक खाली ठेवलं असेल, तर त्यापेक्षा नेमका अभिप्राय दुसरा नाही.

वाचून झाल्यावर तोंडी विचारायचे प्रश्न वेगळे, आणि तेही थोडेच. गोष्ट मला चार वाक्यांत सांग. तिला काय हवं होतं असं तुला वाटलं? पुढे काय होणार याची उत्सुकता पहिल्यांदा कुठे वाटली? शेवटी तिने जे केलं ते ती करेल असं तुला पटलं का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून तुमची कादंबरी वाचकाच्या डोक्यात काय आकार घेऊन बसली ते कळतं. आमच्या पहिल्या फेरीतल्या वाचकांना नंतर मी हाच प्रश्न विचारला. दोघांनी गोष्ट सांगताना अपघाताचा उल्लेखच केला नाही. ज्याला लेखिका कणा समजत होती, तो त्यांच्या कादंबरीत नव्हताच.

उत्तरं ऐकताना खुलासा करायचा नाही. ‘अगं, पण ते अकराव्या प्रकरणात सांगितलंय ना’ असं तोंडावर आलं तरी गिळायचं. अकराव्या प्रकरणात ते आहे आणि तरी वाचकाला ते दिसलं नाही, हीच नोंद घेण्यासारखी गोष्ट.

चौथं काम: शेऱ्यामागचं दुखणं ओळखणं

वाचकाने दाखवलेली जागा जवळपास नेहमी खरी असते. त्याने सांगितलेलं कारण कधी खरं असतं, कधी नसतं. आणि सुचवलेला उपाय तर क्वचितच लागू पडतो. म्हणून जागा जपून ठेवावी आणि उपाय सौम्यपणे बाजूला सारावा.

आमच्याकडच्या मुख्य तक्रारी तीन होत्या. ‘सुरुवातीची वर्णनं लांब आहेत.’ ती लांब नव्हती, दीड पानाची होती. पण वाचकाला अजून कोणताच प्रश्न पडलेला नव्हता, त्यामुळे गंजलेल्या यंत्राकडे कोणत्या नजरेने बघायचं हे त्याला कळत नव्हतं. त्या यंत्राशेजारी माणूस मेला हे ठाऊक असतं, तर तेच दीड पान त्याने श्वास रोखून वाचलं असतं. ‘नायिका थंड आहे, जवळची वाटत नाही.’ इथे भावनेची वाक्यं वाढवायचा मोह होतो, आणि लेखिकेने तसं केलंही होतं. पण अकरापैकी आठ प्रकरणं काहीच न करणारं पात्र कितीही रडलं तरी जवळचं होत नाही. ‘शेवट घाईत उरकला आहे.’ शेवटची तीन प्रकरणं आठ हजार शब्दांची होती, म्हणजे जागा भरपूर होती. पण सही आधीच झालेली असल्यामुळे सत्य कळल्यावर तिच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वर्णन, भावना, वेग, तिन्ही तक्रारी भाषेच्या वाटतात. वरचा प्रश्न लावून पाहिला तर तिन्ही रचनेच्या निघतात.

याच्या उलटही घडतं, आणि तेही सांगायला हवं. कधी वाचक म्हणतो, ‘हे उपकथानकच काढून टाका’, आणि पाहावं तर उपकथानक ठीक असतं. फक्त दोन पात्रांची नावं एकाच अक्षराने सुरू होत असल्यामुळे त्याचा गोंधळ झालेला असतो. तिथे नाव बदललं की काम भागतं. प्रकरण पाडण्याआधी अशी साधी कारणं तपासून घ्यावीत.

भाषेचे वाटणारे काही निर्णय मात्र मुळात रचनेचे असतात आणि ते याच टप्प्यावर विचारात घ्यावे लागतात. निवेदन ‘मी’चं की ‘ती’चं, भूतकाळात की वर्तमानात, निवेदकाची भाषा प्रमाण की बोली. यातलं काहीही बदललं की प्रत्येक पान बदलतं, कारण कोणाला काय ठाऊक आहे आणि ते कधी ठाऊक झालं हेच बदलतं. पहिल्या खर्ड्यावर वाचक म्हणाला, ‘निवेदकाचा आवाज पात्राशी जुळत नाही’, तर ती गोष्ट शेवटच्या हातासाठी ठेवू नये.

पाचवं काम: मोठ्यापासून लहानाकडे दुरुस्ती

लेखिकेने आधी हस्तलिखिताला हात न लावता एक पान लिहिलं: काय बदलणार, आणि त्यामुळे आणखी कुठे काय बदलावं लागेल. कामगाराच्या बायकोचं, कधीच उत्तर न मिळालेलं पत्र तिसऱ्या प्रकरणात वडिलांच्या टेबलाच्या खणात सापडतं. म्हणजे अकराव्यातला उल्लेख जातो. खरेदीदार जागा निर्वेध असल्याचं लेखी मागतो आणि त्यासाठी त्या बायकोची ना-हरकत सही लागते. म्हणजे नवव्यापासून नायिकेला प्रत्येक दारी काहीतरी हवं असतं. चुलतभावाचं पात्र काकांत विलीन होतं. म्हणजे १०, १२ आणि १४ मिळून एकच प्रकरण उरतं. सत्य चोविसाव्यात येतं आणि सही त्याच्यानंतर.

हे पान तयार झाल्याशिवाय दुरुस्तीला बसू नये. एक बदल पाच ठिकाणी उमटतो. ते पाच आधी दिसले नाहीत, तर दुसऱ्या खर्ड्यात नवे सांधे उसवलेले राहतात: गेलेल्या पात्राचं नाव मध्येच येतं, किंवा अजून न कळलेली गोष्ट नायिका बोलून जाते.

नवे प्रसंग मुद्दाम ओबडधोबडच लिहावेत. सांधा जुळतो की नाही एवढंच बघायचं असतं. याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. जे वाक्य घासूनपुसून चकचकीत केलं, ते काढून टाकायला हात धजत नाही. या कादंबरीचं पहिलं प्रकरण लेखिकेने सहा वेळा लिहिलं होतं आणि ते खरंच देखणं होतं: प्रवास, पाऊस, बालपणीच्या शाईचा वास. नव्या रचनेत त्याला जागा नव्हती. ते काढायला तिला बाकी सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस लागले. शेवटी जवळपास १४,००० जुने शब्द गेले, ७,००० नवे आले, आणि २६ प्रकरणांची ६९,००० शब्दांची संहिता उरली.

अठराव्यातला संवाद उरलाच नाही. त्याच्या जागी नायिका त्या बायकोकडे सहीचा कागद घेऊन जाते.

‘वहिनी, एवढी एक सही हवी होती.’

‘तुझ्या बाबांनी पण कागदच पाठवला होता. वाचता येत नव्हतं मला तेव्हा.’

‘कसला कागद?’

‘आता येतं वाचता. आण इकडे.’

भाषा दोन्हीकडे साधीच आहे. पण इथे एकीला सही हवी आहे आणि दुसरीच्या हातात काहीतरी आहे. हा प्रसंग लेखिकेने एका बैठकीत लिहिला आणि त्यात पुढे दोनच शब्द बदलले.

वाक्यांवरचा हात कधी फिरवायचा

रचना स्थिरावली हे ओळखायची खूण म्हणजे तक्रारींचं स्वरूप बदलतं. राखून ठेवलेल्या वाचकांना नवा खर्डा दिला तेव्हा ‘न’ या खुणा जवळजवळ नव्हत्या, ‘कं’ विखुरलेल्या होत्या, एकाच पट्ट्यात साठलेल्या नव्हत्या, आणि दोघांनी सांगितलेली चार वाक्यांतली गोष्ट एकच होती. आता उरलेल्या तक्रारी जागच्या जागी मिटणाऱ्या होत्या.

तिथून पुढचं काम वेगळं आहे आणि त्याला वेगळी नजर लागते. एक नमुना देतो. खर्ड्यातलं वाक्य होतं: ‘तिच्या मनात एक प्रकारची संमिश्र भावना दाटून आली आणि ती त्या जुन्या, गंजलेल्या, धुळीने माखलेल्या यंत्राकडे बघत कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.’ शेवटच्या हातात ते असं झालं: ‘तिने यंत्रावरून बोट फिरवलं. धुळीखाली शाई अजून चिकट होती. बोट पुसायला ती काहीतरी शोधू लागली.’ ‘एक प्रकारची’, ‘संमिश्र’, ‘कितीतरी’ हे शब्द काही न सांगता जागा अडवत होते. तीन विशेषणांपैकी धूळ कामाची होती, ती ठेवली. भावनेचं नाव गेलं आणि बोट आलं.

या फेरीत वाचक म्हणून एकच माणूस पुरे, ज्याला भाषेचा कान आहे. त्याला आधी दोनच प्रकरणं द्यावीत. तुमच्या सवयी त्यात कळतात: प्रत्येक परिच्छेद ‘आणि’ने सुरू होतो का, सगळी पात्रं ‘हलकेच’ हसतात का, संवादानंतर दर वेळी कुणीतरी खिडकीबाहेर बघतं का. अशा पाच-सहा सवयींची यादी हाती आली की उरलेली चोवीस प्रकरणं तुम्हीच तपासू शकता. दर प्रकरणावर बाहेरच्या माणसाचा हात फिरला तर निवेदकाचा आवाज हळूहळू त्याचा होऊ लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्याने वाचणं. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य अडलेलं असतं.

मुद्रितशोधन त्याच्याही नंतर, एकही शब्द बदलायचा उरलेला नसताना. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, अवतरणचिन्हं, पात्रांच्या नावांचं एकसारखं लेखन. लेखिकेने पहिल्या फेरीत एका वाचकाने केलेल्या साडेतीनशे शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या जपून ठेवल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ज्या पानांवर होत्या ती पानं तोवर कादंबरीत नव्हती.